मागून दुसरं आहे

आमच्या कार्यालयात दोन टेबलं आहेत. एक माझं आणि एक अकराकाकांचं. मधे एक प्रिंटर आहे, तो दोघांचाही शत्रू. एकोणीस वर्षं आम्ही त्या प्रिंटरच्या दोन बाजूंना बसून लोकांची विमानाची तिकिटं काढत आलो. एकोणीस वर्षांत मी त्या माणसाशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. कार्यालयात येणारा लहानथोर जो तो त्यांना अकराकाका म्हणायचा, म्हणून मीही. नाव कसं पडलं ते सांगते. आमच्या शहरातून एका मोठ्या शहराला दिवसाला अकरा विमानं जातात आणि अकरा येतात. तिथून पुढे जगात कुठेही जाता येतं. काकांच्या समोर कुणीही बसलं आणि कुठेही जायचं म्हणालं, तरी काका त्याला त्या मधल्या शहरावरून पाठवणार. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, थेट विमान आहे ना? रोज जातं की एक." काका चष्मा कपाळावर सरकवायचे. "एकच जातं. आज रद्द झालं तर उद्याशिवाय नाही. आणि उद्याचं आधीच भरलेलं असतं, त्यात तुमच्यासारखे दीडशे जण कुठे कोंबणार? हे बघा, इकडून अकरा आहेत. एक रद्द झालं तर मागून दुसरं आहे."

'मागून दुसरं आहे' हे दिवसातून वीसदा ऐकून माझे कान किटले होते.

पण माणूस कामाला पक्का होता. नुसती अकरा विमानं असून भागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत आणि एकाच कंपनीचे हवेत, म्हणजे एक हुकलं तर पुढच्यात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतली, तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं. शेवटचं विमान कधी घ्यायचं नाही, कारण त्याच्या मागे फक्त उद्याच असतो. आणि घाईचा प्रवास असेल तर सामान हातात मावेल तेवढंच, कारण विमानाच्या पोटात टाकलेली बॅग आयत्या वेळी माणसाबरोबर विमान बदलत नाही. गिऱ्हाईक निघालं की काका त्याचं विमान पडद्यावर बघत बसायचे, ते उतरेपर्यंत. उतरलं की "उतरलं" असं मोठ्याने म्हणायचे, आणि मग चहा प्यायचे. मी चिडवायची, "काका, वैमानिकाला कळलंय ते, तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल."

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते मला वहिनींनी सांगितलं होतं. वहिनी म्हणजे काकांची बायको. बाविसाव्या वर्षी काका परमुलखात पहिल्या नोकरीवर असताना त्यांचे वडील अत्यवस्थ झाले. घरी यायला दिवसाला एकच विमान होतं. ते रद्द झालं. दुसऱ्या दिवशीचं भरलेलं होतं. काका तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा घरात सगळं उरकलं होतं आणि वडिलांची खाटही कुणीतरी उचलून ठेवली होती. त्यानंतर हा माणूस एकुलत्या एका गोष्टीवर कधी विसंबला नाही. घरात छत्र्या दोन, चष्मे दोन, दाराच्या किल्ल्या तर पाच.

"मला बघायला आले होते ना," वहिनी सांगायच्या, "तेव्हा स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, काही म्हणजे काही विचारलं नाही. माझ्या बाबांना विचारलं, तुमच्या गावाला दिवसातून गाड्या किती येतात? बाबा म्हणाले, चौदा. तर ह्यांनी चहासुद्धा संपवला नाही, लगेच होकार!" हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की डोळ्यांना पदर लावावा लागायचा. काका बाजूला बसून गंभीरपणे म्हणायचे, "चौदा म्हणजे कमी नाहीत."

त्यांची मुलगी एकच. तिला घरात छकुली म्हणत. आता तिशी उलटली, परदेशात इस्पितळात नोकरी करते, चार माणसं तिच्या हाताखाली आहेत, तरी छकुलीच. वहिनी काकांना टोमणा मारायच्या, "सगळं दोन-दोन ठेवलंत, लेक मात्र एकच ठेवलीत."

वहिनी आजारी पडल्या आणि आठ महिन्यांत अंथरुणाला खिळल्या. छकुली दोनदा येऊन राहून गेली. तिसऱ्यांदा यायची तारीख ठरलेली होती, ती दहा दिवसांवर होती. पण एका मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावलं आणि ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलवून घ्या म्हणून सांगितलं. काका इस्पितळातून घरी गेले नाहीत. ते सरळ कार्यालयात आले, आपल्या खुर्चीत बसले, आणि कळफलकावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

"बाई," ते मला म्हणाले, "छकुलीचं तिकीट तुम्ही काढा."

छकुली राहते तिथून विमानतळ चार तासांवर. त्या दिवशीचं काही तिला गाठता येण्यासारखं नव्हतं. उद्या सकाळी निघायचं, हे नक्की होतं. मी बघितलं. तिच्याकडून आमच्याकडे थेट येणारं विमान होतं, रोजचं एक. उद्या दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी उतरणारं. त्यात एकच जागा शिल्लक होती. मी ती लगेच धरून ठेवली. आमच्यात असं करता येतं, तिकीट न काढता काही तास जागा नावावर अडकवून ठेवायची. दुसरा मार्ग काकांचा. मधल्या शहरापर्यंत एक, तिथून तीन वीसचं पुढचं. पाच वीसला इथे.

"काका, थेट आहे," मी म्हटलं. "एक जागा आहे, मी धरलीये. सव्वा तास आधी पोचते."

"एकच आहे ते."

"असू दे ना एकच! एकीलाच यायचंय."

"गेल्या महिन्यात तीनदा रद्द झालंय, बाई. तुम्हीच रडत होतात त्या तिन्ही दिवशी, गिऱ्हाइकांचे फोन घेऊन घेऊन."

हे खरं होतं. तिन्ही वेळा माणसं दीड-दोन दिवस लटकली होती.

"सव्वा तास गेला तर चालेल," काका म्हणाले. "दिवस गेला तर नाही चालणार. तिकडून अकरा आहेत. एक गेलं तर मागून दुसरं आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाविसाव्या वर्षीचा तो पोरगा विमानतळाच्या बाकावर कसा बसला असेल, ते मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

मी तरी आणखी एकदा म्हटलं, "काका, विचार करा. डॉक्टरांनी किती वेळ म्हटलंय?"

"दोन दिवस. कदाचित तीन. करा तुम्ही."

मी केलं. एकाच तिकिटावर, एकाच कंपनीचं, सगळं त्यांनी शिकवलं तसं. थेट विमानातली धरलेली जागा तशीच राहू द्यावी असा माझा विचार होता. संध्याकाळी मुदत संपली की आपोआप सुटली असती. तोवर म्हातारा बदलला तर बदलला. पण त्यांच्या लक्षात आलं.

"ती सोडा, बाई."

"राहू दे हो संध्याकाळपर्यंत."

"शेवटची जागा आहे. दुसऱ्या कुणाची तरी आई असेल."

मी सोडली. माझ्याच बोटाने. दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं तर ती गेली होती. कुणाला मिळाली देव जाणे. त्याची आई खडखडीत बरी असो, ह्यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही म्हणवत नाही.

काकांनी तिथूनच छकुलीला फोन लावला. "हातातली एकच बॅग घे. पोटात काही टाकू नकोस. विमान बदलायला लागलं तर मोकळी असशील." एवढं सांगून त्यांनी माझ्याकडे फोन दिला.

दुसऱ्या दिवशी काका इस्पितळात आणि मी कार्यालयात. आदल्या दिवसापर्यंत त्यांची थट्टा करणारी मी, त्या दिवशी त्यांच्यासारखीच पडद्याला डोळे लावून बसले होते. पहिलं विमान वेळेवर सुटलं, वेळेवर मधल्या शहरात उतरलं. मी काकांना निरोप पाठवला. थेट विमानही सुटलं होतं. ते मी कळवलं नाही. पण त्यांच्या हातात फोन होता, आणि ज्या माणसाने आयुष्यभर विमानंच बघितली तो ते बघितल्याशिवाय राहणार आहे का?

तीन वाजता पडद्यावर तीन वीसच्या समोर लाल अक्षरं आली. रद्द. इंजिनात काहीतरी बिघाड.

माझे हात चालत राहिले. एकोणीस वर्षांचं शिक्षण होतं ते. पुढचं चार दहाचं, भरलेलं. तिथे तिला प्रतीक्षायादीत टाकलं. त्याच्या पुढचं चार पंचावन्नचं, त्यात जागा होती. कंपनीने स्वतःच रद्द केलेलं, म्हणून बदलीला आडकाठी नव्हती. आठ मिनिटांत छकुलीच्या नावावर चार पंचावन्नची पक्की जागा होती. तिथे विमानतळावर दारापाशी उभ्या असलेल्या बाकीच्यांना अजून नीट काही कळलंही नव्हतं. मी तिला फोन केला, "बेटा, पळ. दार क्रमांक बावीस. चार दहाचंही बघ, कुणी आलं नाही तर घेतील." मग काकांना फोन केला.

"रद्द झालं, काका. पण चार पंचावन्नमध्ये बसवली. सहा पंचावन्नला उतरते."

पलीकडून त्यांचा श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं. आणि मग ते म्हणाले, आवाज जवळजवळ आनंदी होता, "बघितलंत, बाई? सांगत होतो ना? मागून दुसरं आहे."

तो आनंद मला आजही विसरता येत नाही. त्या माणसाने चाळीस वर्षं जे सांगितलं, ते त्या घटकेला त्याच्या स्वतःच्या लेकीसाठी खरं ठरलं होतं. नियम कुठेच चुकला नव्हता. विमान रद्द झालं आणि माणूस लटकला नाही, दोन तासांच्या वर उशीर झाला नाही. ह्याहून चांगलं काम मी कधी केलेलं नाही.

चार दहाला सगळे आले. जागा सुटली नाही. छकुली चार पंचावन्नने निघाली.

वहिनी सहा चाळीसला गेल्या.

छकुली तेव्हा आकाशात होती, खाली उतरायला पंधरा मिनिटं राहिलेली. ती आठला दहा मिनिटं कमी असताना खोलीत शिरली, खांद्याला ती एकच बॅग. मी तोवर तिथे पोचले होते. काका उभे राहिले आणि तिला काहीतरी सांगायला गेले, पण तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती सरळ पलंगापाशी गेली आणि आईचा हात धरून म्हणाली, "अजून गरम आहे." एवढंच, पुन्हा पुन्हा. आई गेलेली मुलगी कशी दिसते ते मी ह्याआधीही बघितलं होतं. थोडक्यात हुकलेली मुलगी पहिल्यांदाच बघितली. ते जास्त वाईट असतं, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते.

तीन वीसचं वेळेवर सुटलं असतं तर ती सव्वासहाला खोलीत असती, पंचवीस मिनिटं मिळाली असती. थेट विमान वेळेवर, चार पाचला, उतरलं होतं. त्यात असती तर दीड तासाच्या वर वेळ मिळाला असता. हा हिशेब मी करायचा नाही असं ठरवलं होतं. तो रोज आपोआप होतो.

चौथ्या दिवशी छकुली एकटीच कार्यालयात आली. माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले, पण आवाज थंड.

"मावशी, खरं सांग. त्या थेट विमानात जागा होती?"

मीसुद्धा चाळीस वर्षं संसार केलेली बाई आहे. पापणी न हलवता म्हटलं, "नव्हती गं. फुल होतं. मी स्वतः बघितलं."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. तिला पटलं की नाही मला ठाऊक नाही. पण ती उठून घरी गेली, आणि त्या संध्याकाळी तिने बापाला बळेबळे चार घास भरवले असं शेजारणीने सांगितलं. माझं काम झालं.

तीन आठवड्यांनी ती परत गेली. तिने तिचं तिकीट स्वतःच काढलं, घरच्या घरी, थेट विमानाचं. काकांना नुसती वेळ सांगितली. काकांनी मान हलवली आणि तिला सोडायला गेले. ते विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर उतरलं.

त्यानंतरच्या सोमवारी काका कामावर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, फक्त गुंड्या एकेक घर चुकलेल्या. एरवी ते वहिनींच्या नजरेतून सुटलं नसतं.

अकराच्या सुमारास एक बाई आल्या. भाऊ आजारी होता, तातडीने जायचं होतं. त्या काकांच्या टेबलासमोर बसल्या आणि विचारलं, "थेट जाऊ की मधून जाऊ?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. तोंड उघडलं. मी प्रिंटरच्या ह्या बाजूने वाट बघत होते. कान किटलेल्या त्या वाक्याची मी आयुष्यात कधी इतकी वाट बघितली नव्हती. पण ते आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि पडदा माझ्या दिशेला वळवला.

"बाई, तुम्ही सांगा ह्यांना."

मी काय सांगणार? मला दुसरं येतं कुठे? मी म्हटलं, "मधून जा. अकरा आहेत. एक रद्द झालं तर मागून दुसरं आहे." कारण ते अजूनही बरोबरच आहे. त्या बाईंचं तिकीट मी तसंच काढलं. सामान हातात ठेवा म्हणून सांगितलं. त्या आभार मानून गेल्या.

दार बंद झाल्यावर काका बराच वेळ कळफलकावरची धूळ बोटाने पुसत होते. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"त्या दिवशी चार वाजता छकुलीची आई जागी होती, बाई. चांगली जागी. मी फोनवर ते थेट विमान बघत होतो. चार पाचला उतरलं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'उतरलं.' तिने ऐकलं."

मी प्रिंटरकडे बघत राहिले.

"म्हणाली, 'छकुली उतरली?' आता काय सांगू? इतकी हसली ती. मला नाही म्हणता आलं नाही. मग म्हणाली, 'माझे केस विंचरा हो जरा, पोर घाबरेल अशी बघून.' मी विंचरले. जमतील तसे. मग दाराकडे तोंड करून निजवायला लावलं. पाच वाजले, साडेपाच वाजले. एकदाही कुरकुर नाही केली तिने. उलट मलाच समजावत होती, सहा वाजून गेल्यावरसुद्धा. म्हणत होती, 'येईल हो. सामान यायला वेळ लागत असेल.'"

शर्टाची चुकलेली गुंडी त्यांनी काढली आणि पुन्हा त्याच चुकीच्या घरात घातली.

"सामानच नव्हतं हो पोरीजवळ," काका म्हणाले. "मीच आणू नको म्हटलं होतं."